पोर्ट करायचं, पण याच वर्षी का?

वाचकाचं पत्र

‘माझं वय ४९. नाशिकजवळ माझं छोटं वर्कशॉप आहे. पत्नी, मुलगा आणि मी मिळून ५ लाखांची फॅमिली फ्लोटर पॉलिसी दोन वर्षांपूर्वी घेतली. तिची मुदत २६ फेब्रुवारीला संपते, म्हणजे आजपासून ५२ दिवस उरलेत. पॉलिसी घेताना मला मधुमेह होता, तो मी लिहून दिला होता. त्यासाठी ३६ महिने थांबायचं आहे. या वर्षी हप्ता २२ हजारांवरून २९ हजारांवर गेला. त्यात मुलाला डेंग्यू झाला तेव्हा पाच दिवसांच्या बिलातले १३ हजार कंपनीनं कापले. आता ही कंपनी नको. दुसऱ्या कंपनीची १५ लाखांची पॉलिसी ३१ हजारांत मिळतेय. एजंट म्हणतो, तुमची दोन वर्षं आपोआप धरली जातील. माझी बीपीची गोळी गेल्या वर्षी सुरू झाली, ती लिहायची गरज नाही म्हणतो, कारण जुन्या पॉलिसीत ती नव्हतीच. पोर्टच्या फॉर्मला वेळ लागतो, त्यापेक्षा नवीच पॉलिसी काढू, तारीख जुळवून घेऊ, असंही त्याचं म्हणणं. पत्नीला दिवाळीत गर्भाशयात गाठी निघाल्या. डॉक्टर म्हणतात, तीन-चार महिन्यांत ऑपरेशन करून घ्या. ते नव्या कंपनीत होईल ना?’

उत्तर

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी सगळ्यात आधी घेते, कारण बाकीचा निर्णय त्यावर ठरणार आहे. वहिनींचं ऑपरेशन ठरलेलं असताना या वर्षी पोर्ट करू नका, म्हणजे थांबलेले महिने सोबत घेऊन पॉलिसी दुसऱ्या कंपनीत नेऊ नका, असं माझं मत आहे.

गर्भाशयाच्या गाठी, हर्निया, मोतीबिंदू, पित्ताशयातले खडे असे काही आजार बहुतेक पॉलिसींत नावानिशी दिलेले असतात आणि त्यांच्यासाठी वेगळा वेटिंग पिरियड, म्हणजे क्लेम मिळण्याआधी थांबायचा काळ असतो. तुमच्या पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये तो २४ महिन्यांचा आहे. वहिनी पहिल्या दिवसापासून पॉलिसीत आहेत. २६ फेब्रुवारीला त्यांचे २४ महिने पुरे होतात. तुम्ही वेळेत हप्ता भरलात, तर २७ फेब्रुवारीपासून हे ऑपरेशन जुन्या पॉलिसीत बसतं. गाठी पॉलिसी घेतल्यानंतर निघाल्या आहेत, त्यामुळे ‘आधीपासूनचा आजार’ म्हणूनही तो अडणार नाही. निदानाचा सोनोग्राफी रिपोर्ट तारखेसह जपून ठेवा.

नव्या कंपनीत हाच हिशेब कागदावर तसाच दिसतो. तिथेही २४ महिन्यांची अट असेल आणि पोर्ट रीतसर झालं, तर तुमचे २४ महिने धरले जातील. पण पोर्ट मंजूर करणं न करणं नव्या कंपनीच्या हातात असतं. ती तुमची तब्येत तपासते, कागद बघते आणि मग ठरवते. ज्या कुटुंबात एक ऑपरेशन तीन महिन्यांवर आलंय, त्या कुटुंबाचा अर्ज आला तर ती बहुधा ‘ऑपरेशन होऊ द्या, मग या’ म्हणेल किंवा सरळ नाकारेल. आणि ऑपरेशनचा सल्ला मिळालाय हे लपवून अर्ज केला, तर दोन महिन्यांत हॉस्पिटलच्या केस पेपरवरच ‘दिवाळीपासून गाठी’ लिहिलेलं येणार. शिवाय नकाराची नोंद तुमच्या मागे राहते. बहुतेक कंपन्यांच्या अर्जात ‘याआधी कुठल्या कंपनीनं आरोग्य विमा नाकारला आहे का’ हा प्रश्न असतो. पुढच्या वर्षी तिथे तुम्हाला ‘हो’ लिहावं लागेल.

थांबल्यानं जमलेले महिने वाया जात नाहीत. जुन्या कंपनीत आणखी एक वर्ष काढलं, तर पुढच्या फेब्रुवारीत तुमच्या मधुमेहाचे ३६ महिनेही पूर्ण होतात. विमा नियामक आयआरडीएआयनं २०२४ पासून आधीच्या आजारांसाठीची कमाल मर्यादा ३६ महिने केली आहे. म्हणजे पुढच्या वर्षी कुठल्याही कंपनीत गेलात तरी ५ लाखांपुरता मधुमेहाचा वेटिंग पिरियड शिल्लक राहत नाही.

‘दोन वर्षं आपोआप’ म्हणजे नक्की किती रकमेवर

‘आपोआप’ हा शब्द एजंट सहज वापरतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, १५ लाखांच्या पॉलिसीत सगळी दोन वर्षं आली. तसं होत नाही. मागून आणलेलं श्रेय जुन्या विमा रकमेपुरतंच असतं, फार तर तिच्यावर जमलेला बोनस त्यात धरतात. तुमचा गेल्या वर्षी क्लेम झालाय, त्यामुळे बोनस उरला आहे का ते शेड्यूलवर बघा. तो नसेल तर तुमचं श्रेय ५ लाखांचं. वरचे १० लाख नव्या कंपनीसाठी कोरे. त्यांच्यावर मधुमेहाचे ३६ महिने पहिल्यापासून आणि बीपीचेही पहिल्यापासून.

याच वर्षी पोर्ट झालं असं समजा. त्यानंतर १४ महिन्यांनी तुम्हाला मधुमेहामुळे पायाची जखम चिघळून ॲडमिट व्हावं लागलं आणि बिल ७ लाख झालं. ५ लाखांवरचा वेटिंग पिरियड तोवर संपलेला असेल, कारण जुने २४ आणि नवे १२ मिळून ३६ महिने झाले. ते ५ लाख मिळतील. वरच्या २ लाखांवर मात्र अजून २२ महिने बाकी आहेत, ते खिशातून. पॉलिसीवर १५ लाख छापलेलं असूनही.

आता मला तुम्हाला विचारायचं आहे की तुम्हाला नवी कंपनी हवी आहे की जास्त रक्कम? पत्रात दोन्ही एकत्र आल्या आहेत, पण त्या वेगळ्या गरजा आहेत. रक्कम वाढवायची असेल तर जुनी ५ लाखांची पॉलिसी तशीच ठेवून तिच्यावर १० लाखांचा सुपर टॉप-अप घेता येतो. त्यात ‘डिडक्टिबल’ ५ लाखांचं ठेवायचं, म्हणजे वर्षभरातला खर्च ५ लाखांच्या पुढे गेला की तो टॉप-अप कामाला येतो. तो कुठल्याही कंपनीचा चालतो आणि हप्ता मूळ पॉलिसीपेक्षा बराच कमी असतो. त्याचाही वेटिंग पिरियड नव्यानं सुरू होतो हे खरं, पण पोर्ट करून वाढवलेल्या १० लाखांचाही तो नव्यानंच सुरू होणार होता. उलट टॉप-अप या वर्षीच घेतलात तर वरच्या रकमेचं घड्याळ आत्तापासून चालू होतं. पुढच्या वर्षी मूळ पॉलिसी पोर्ट केली तरी टॉप-अप चालू ठेवलात की ते वर्ष हाताशी असतं. टॉप-अपच्या अर्जातही मधुमेह, बीपी आणि वहिनींच्या गाठी लिहायच्याच. तिथे नकार येऊ नये म्हणून वाटल्यास वहिनींचं नाव सध्या वगळून तुमचा आणि मुलाचा टॉप-अप घ्या आणि त्यांचा ऑपरेशननंतर.

ते १३ हजार

क्लेम मंजुरीचं पत्र तुम्ही सोबत पाठवलंत ते बरं झालं, नाहीतर मीही ‘कंपनीनं अडवलं’ एवढंच धरून चालले असते. तुमच्या पॉलिसीत खोलीच्या भाड्याला रोज विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ५ हजारांची मर्यादा आहे. मुलाला ७ हजारांची खोली घेतली. पाच दिवसांचे रोज २ हजार धरून १० हजार तिथे गेले. मग डॉक्टरांच्या भेटींचं बिल १०,५०० होतं, त्यातही ५ आणि ७ च्या प्रमाणात कपात झाली, म्हणजे ३ हजार आणखी गेले. औषधांच्या बिलाला हात लावलेला नाही, आणि तो लावायचाही नसतो. त्यामुळे या कपातीविरुद्ध तक्रार करून फारसं काही हाती लागेल असं मला वाटत नाही.

पण पॉलिसी बदलायला हे चांगलं कारण आहे. पुढच्या वर्षी पोर्ट करताना खोलीच्या भाड्यावर मर्यादा नसलेली पॉलिसी शोधा. ५ आणि १५ लाखांची तुलना करताना तुम्ही ही ओळ पाहिलीच नव्हती, आणि बहुतेक जण पाहत नाहीत. पोर्ट करताना जुन्या पॉलिसीच्या सोयी सोबत येत नाहीत, येतात फक्त थांबलेले महिने आणि बोनस. खोली, को-पे म्हणजे बिलातला आपण भरायचा ठरलेला वाटा, मोतीबिंदूची मर्यादा हे सगळं नव्या पॉलिसीच्या नियमानं.

नवी पॉलिसी आणि तारीख जुळवणं

एजंटच्या तिन्ही सूचनांत मला ही सगळ्यात धोक्याची वाटते. २६ फेब्रुवारीला जुनी संपली आणि २७ ला नवी सुरू झाली, तरी दोन पॉलिसींचं नातं जुळत नाही. नवी पॉलिसी ‘फ्रेश’ म्हणून निघाली की मधुमेहाचे ३६ महिने, गाठींचे २४ महिने आणि सुरुवातीचे ३० दिवस सगळं पुन्हा शून्यापासून. वहिनींचं ऑपरेशन मग दोन वर्षं लांबतं. महिने मिळतात ते फक्त पोर्टच्या अर्जानं, कारण तो अर्ज आल्यावरच नवी कंपनी विमा माहिती ब्युरोच्या पोर्टलवरून जुन्या कंपनीकडे तुमचा इतिहास मागते. २०२४ च्या परिपत्रकानुसार जुन्या कंपनीनं ती माहिती ७२ तासांत द्यायची असते आणि माहिती मिळाल्यावर नव्या कंपनीनं ५ दिवसांत निर्णय कळवायचा असतो. पोर्टसाठी वेगळं शुल्क घेता येत नाही. फॉर्मला वेळ लागतो हे एजंटचं म्हणणं पूर्वी बरंच खरं होतं, आता तेवढं नाही.

अर्ज मुदत संपायच्या ६० ते ४५ दिवस आधी जायला हवा असा प्रघात आहे. तुमच्या तारखेप्रमाणे ती खिडकी २८ डिसेंबर ते १२ जानेवारी. त्यानंतरचा अर्ज कंपनी घेऊ शकते, पण तो घ्यायला ती बांधील नाही. पुढच्या वर्षासाठी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा. सोबत लागतील ते कागद: तिन्ही वर्षांची पॉलिसी शेड्यूल्स, रिन्यूअलची नोटीस, दोन्ही क्लेमचे डिस्चार्ज कार्ड आणि मंजुरीपत्र, तुमचे शुगरचे अलीकडचे रिपोर्ट. नवी कंपनी कदाचित स्वतःच्या खर्चानं तुमची तपासणी करून घेईल आणि मधुमेहासाठी जास्त हप्ता मागेल. तो मान्य नसेल तर जुनीत राहायचं. उत्तर २६ फेब्रुवारीच्या चार-पाच दिवस आधीपर्यंत आलं नाही, तर जुनीचा हप्ता भरून टाका आणि पुढचं वर्ष धरा. जुनी सुटली आणि नवी आली नाही, अशी वेळ येऊ द्यायची नाही.

बीपीची गोळी

ती लिहाच. टॉप-अपच्या अर्जातही आणि पुढच्या वर्षीच्या पोर्टच्याही. बीपी जुन्या पॉलिसीत ‘नव्हतं’ याचा अर्थ ते जुन्या कंपनीसाठी नंतर झालेला आजार आहे, म्हणून तिथे त्याला वेटिंग पिरियड लागत नाही. नवी कंपनी मात्र तुम्हाला आज पाहते आहे. तिच्या अर्जात ‘सध्या कुठलं औषध चालू आहे’ असा थेट प्रश्न असतो. त्याला ‘नाही’ म्हटलंत आणि वर्षभरात हृदयाचं काही निघालं, तर हॉस्पिटलच्या पहिल्या पानावर ‘बीपी, अमुक वर्षांपासून’ लिहिलेलं असतं आणि क्लेम तिथेच थांबतो. सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर कंपनीला फसवणूक सिद्ध केल्याशिवाय जुन्या माहितीवरून क्लेम नाकारता येत नाही. पोर्ट केल्यावर तुमचे जुने महिने या ६० मध्येही धरले जातात, तेही ५ लाखांपुरते. पण तुम्ही अजून तिथवर पोचलेले नाही, आणि जाणूनबुजून लपवलेली गोष्ट उद्या फसवणूक म्हणूनच मांडली जाईल.

इथे पोर्टमध्ये तुमचं थोडं नुकसान होण्याची शक्यता आहे, आणि त्याबद्दल एजंट सहसा बोलत नाहीत. नवी कंपनी बीपीला ‘आधीपासूनचा आजार’ धरू शकते आणि तुमचे जमलेले महिने वजा करून उरलेला काळ त्याला लावू शकते. या वर्षी गेला असतात तर १२ महिने उरले असते. पुढच्या वर्षी ३६ भरलेले असतील, म्हणून ५ लाखांपुरता तो प्रश्नच उरत नाही. थांबण्याचं हेही एक कारण. डॉक्टरांनी गोळी पहिल्यांदा लिहून दिली ती चिठ्ठी मात्र शोधून ठेवा. तिच्यावरची तारीख पॉलिसीच्या पहिल्या तारखेनंतरची आहे, आणि वाद झाला तर तुमच्या बाजूनं तीच बोलेल.

पॉलिसी हातात आल्यावर

माझ्या काकांनी तीन वर्षांपूर्वी सगळं रीतसर करून पोर्ट केलं. पॉलिसीचं पीडीएफ मेलवर आलं, त्यांनी ‘आली’ म्हणून मला फोन केला. रविवारी मी घरी गेले तेव्हा दोघांनी चहा घेत ते उघडून पाहिलं. पहिल्या पानावर नाव, हप्ता, रक्कम सगळं बरोबर. दुसऱ्या पानावर प्रत्येकाच्या नावापुढे ‘पहिल्या पॉलिसीची तारीख’ हा रकाना होता. काकांच्या पुढे जुनी तारीख होती, सहा वर्षांपूर्वीची. काकूंच्या पुढे त्याच आठवड्यातली. कुणीतरी एका ओळीत चूक केली होती. काकूंच्या गुडघ्यांचं पुढे ऑपरेशन झालं असतं तर त्या दिवशी आम्हाला हे कळलं असतं. आम्ही जुन्या सहा शेड्यूल्सची पानं जोडून मेल केला आणि आठवडाभरात दुरुस्तीचा कागद आला. इतकी साधी चूक, पण ती पाहिली नसती तर सहा वर्षं गेली असती.

तुमच्या पॉलिसीतही हा रकाना आधी बघा, तिघांच्याही ओळी वेगवेगळ्या वाचा. कुणाचं नाव नंतर जोडलं असेल तर त्याचे महिने जोडलेल्या तारखेपासून मोजले जातात. त्यानंतर ‘सातत्य असलेली विमा रक्कम’ ५ लाख लिहिली आहे का, मधुमेहापुढे किती महिने शिल्लक दाखवलेत, आणि कुठला आजार कायमचा वगळलेला आहे का, एवढं पाहा. हे सगळं जुनी पॉलिसी संपायच्या आत पाहता यावं म्हणून अर्ज लवकर करायचा. चूक निघाली तर फोनवर बोलून सोडू नका, मेलच करा. मजकूर एवढा पुरतो: ‘माझी पॉलिसी पोर्ट होऊन आली आहे. अमुक व्यक्तीच्या नावापुढची पहिल्या पॉलिसीची तारीख चुकीची आहे. सोबत जुनी शेड्यूल्स जोडली आहेत. दुरुस्त शेड्यूल पाठवावं आणि प्रत्येक आजारासाठी शिल्लक वेटिंग पिरियड लेखी कळवावा.’

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि नंतर आयआरडीएआयच्या bimabharosa.irdai.gov.in या पोर्टलवर तक्रार करता येते, किंवा १५५२५५ वर फोन करता येतो. महिनाभरात निकाल लागला नाही तर विमा लोकपालांकडे जाता येतं. नाशिकसाठी ते कार्यालय पुण्याचं. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.

आत्ताच्या कामाचं सांगायचं तर रिन्यूअलचा हप्ता फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात भरून पावती आणि नवं शेड्यूल हातात घ्या. ऑपरेशनची तारीख २७ फेब्रुवारीनंतरची मागा आणि डॉक्टरांना विचारा की तोवर थांबणं वहिनींच्या तब्येतीला चालेल का. त्यांनी ‘नाही’ म्हटलं तर हे सगळे हिशेब बाजूला ठेवून आधी ऑपरेशन करून घ्यायचं. चालत असेल तर कॅशलेसची पूर्वमंजुरी तीन-चार दिवस आधी मागा. आणि हॉस्पिटलमध्ये ॲडमिट करताना काउंटरवरच विचारा की ५ हजारांच्या आतली खोली कुठली आहे.